मार्कर फिरवला म्हणजे नाव लपलं असं नाही

«परक्या भाषेतलं पत्र कळत नसेल तर स्क्रीनशॉट टाकून विचारा. नावावर मार्कर फिरवायचा, खाते क्रमांकाचे शेवटचे दोन आकडे खोडायचे, झालं. ती भाषा इथे वाचतंय कोण?»

वाचणारा सापडावा म्हणूनच तर आपण टाकतो! वाचता येत नाही ते आपल्यालाच, आणि खरा घोळ तिथेच होतो. समजा, जर्मन थकबाकीचं पत्र आहे. वरचा नाव-पत्ता कुणालाही ओळखू येतो. पण खाली Sehr geehrte Frau, म्हणजे ‘आदरणीय श्रीमती’, याच्या पुढे तेच आडनाव पुन्हा येतं, आणि Kundennummer म्हणजे ग्राहक क्रमांक हे माहीत नसलं तर तो उघडाच राहतो. भाषा येत नसली तरी खुणा दिसतात: आकड्यांची लांब रांग, @, क्यूआर कोड, आणि पत्त्यातलं आडनाव जिथे जिथे पुन्हा आलंय ती जागा.

आता ते दोन आकडे. जर्मन IBAN, म्हणजे आंतरराष्ट्रीय पद्धतीचा खाते क्रमांक, 22 अक्षरांचा असतो: DE, दोन तपासणी अंक, आठ अंकी बँक कोड, दहा अंकी खाते क्रमांक. पूर्ण क्रमांकातली पहिली चार अक्षरं शेवटी नेऊन, DE ही अक्षरं ठरलेल्या रीतीने अंकांत बदलून 97 ने भागलं की बाकी 1 उरावी लागते. शेवटच्या दोन अंकांच्या शंभर शक्यतांपैकी या कसोटीला एकच उतरते, फार तर दोन. म्हणजे खोडलेलं पाच मिनिटांत परत मिळतं. आख्खी रांग झाका. क्यूआर कोडचंही तेच. त्यातला काही भाग झाकला गेला तरी तो वाचला जाऊ शकतो, कारण चूक दुरुस्त करण्याची सोय त्यातच असते.

मार्करचं म्हणाल तर फोनमधला हायलायटर अर्धपारदर्शक असतो. दोन-तीन हात दिले की काळा वाटतो. चित्राचा उजेड वाढवला की अक्षरं वर येतात. धूसर करणंही आकड्यांसाठी कच्चंच. फॉन्ट ओळखता आला तर एकेक आकडा तसाच धूसर करून जुळवून पाहता येतो, आणि प्रत्येक जागी पर्याय दहाच. भरीव, पूर्ण अपारदर्शक चौकोनच वापरा.

मात्र हात सैल सोडू नका. Frau किंवा Herr, म्हणजे श्रीमती किंवा श्री, ठेवा, फक्त आडनाव झाका. रक्कम, मुदतीची तारीख आणि पूर्ण वाक्यं उघडी हवीत; चौकोन वरच्या ओळीच्या g, y च्या शेपटांवर चढला तर तिथला शब्दच चुकीचा वाचला जातो. पत्रात दोन माणसं असतील तर चौकोनांवर १ आणि २ लिहा, नाहीतर कोण कुणाचं देणं लागतो हे सांगणाऱ्यालाही कळणार नाही. चौकोन सगळे एकाच लांबीचे ठेवले तर नावाच्या लांबीचा अंदाजही बांधता येत नाही.

शेवटी, बदललेली फाइल तशीच पाठवू नका. 2023 मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमधल्या चित्र संपादनाच्या सोयीत दोष सापडला होता: कापून टाकलेला भाग फाइलच्या शेपटीला तसाच उरायचा. तो दुरुस्त झाला, पण संपादित चित्र पडद्यावर उघडून त्याचाच नवा स्क्रीनशॉट घ्यावा हे बरं. पाठवण्याआधी त्या नव्या चित्राचा उजेड पूर्ण वाढवून चौकोनांवर झूम करा.