लाल फ्यूजच्या जागी हिरवा घालू नका

‘गाडीचा फ्यूज परत परत उडतो म्हणजे तो कमी ताकदीचा आहे, वरच्या नंबरचा घाला. शॉर्ट असता तर मीटरवर लगेच कळला असता. पावसात पाणी जातं म्हणून होतं, ऊन पडलं की आपोआप बरं होतं.’

गोव्यात साखळीला माझं गाड्यांच्या वायरिंगचं काम चालतं. हा सल्ला ऐकून आलेली एक गाडी गेल्या पावसाळ्यात मी खोलली. वाळपईच्या एका गुरुजींची होती. पार्किंग लाइटचा १० अँपिअरचा लाल फ्यूज आठवड्यात चार वेळा उडाला, म्हणून कुणीतरी तिथे ३० चा हिरवा घालून दिला होता. त्यानंतर फ्यूज उडायचा थांबला आणि डिक्कीजवळ जळका वास यायला लागला.

फ्यूज बल्बसाठी नसतो, तो वायरीसाठी असतो. पार्किंग लाइटची वायर बारीक असते, म्हणून कंपनीने तिला १० चा फ्यूज दिलेला असतो. तिथे ३० चा घातला की फ्यूजच्या आधी वायर तापते, वरचं प्लॅस्टिक मऊ होतं आणि शेजारच्या वायरींना चिकटतं. गुरुजींच्या गाडीत वीतभर लांबीत तीन वायरी अशा एकजीव झालेल्या निघाल्या. एका शॉर्टचे तीन व्हायला थोडंच बाकी होतं.

मीटरचं म्हणाल तर तो खोटं सांगत नाही, पण काय विचारलं ते पाहावं लागतं. बॅटरीची निगेटिव्ह काढून फ्यूजच्या बल्बाकडच्या टोकापासून बॉडीपर्यंत बझर लावला की तो वाजतो, आणि माणूस शॉर्ट सापडला म्हणून खूश होतो. पण बल्ब थंड असताना त्याच्या तारेला फार कमी रोध असतो. ५ वॅटचा एक बल्ब जेमतेम तीन ओहम दाखवतो, आणि असे पाच जोडलेले असले तर एक ओहमसुद्धा भरत नाही. म्हणजे सगळं ठीक असतानाही बझर वाजणारच. आधी त्या लाइनवरचे सगळे बल्ब काढा, मग मोजा.

आणि बल्ब काढूनही बझर वाजला नाही तर? गुरुजींच्या गाडीत तेच झालं. कारण शॉर्ट कायमचा नव्हता, मधूनच लागत होता. अशा वेळी मला मीटरपेक्षा टेस्ट लॅम्प जास्त उपयोगी पडतो. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब होल्डरसकट घेतला, त्याला दोन वायरी जोडल्या आणि फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत बसवल्या. आता पूर्ण शॉर्ट झाला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट जातो. वायर जळत नाही, आणि फ्यूजही वाया जात नाही. एलईडीचा टेस्टर इथे चालत नाही, तो थोड्याशा करंटवरही पेटतो. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना मात्र हा दिवा कधीच लावू नये.

लाइटचा स्विच चालू केला. लाइनवरचे बल्ब काढलेले होते, त्यामुळे टेस्ट लॅम्प विझलेला. गुरुजींना म्हटलं, ‘तुम्ही पुढे बसून दिव्याकडे बघा, पेटला की सांगा.’ मी समोरची वायरिंग हलवली, दारांजवळची हलवली, काही नाही. डिक्की उचलली तेव्हा अर्ध्यावर आल्याबरोबर गुरुजी ओरडले, ‘पेटला!’ पूर्ण उघडल्यावर परत विझला.

मग बॅटरी काढून, डिक्कीतलं कनेक्टर सुटं करून त्याच लाइनवरच्या नंबर प्लेटच्या दिव्याची वायर बॉडीशी मीटरवर मोजली. डिक्की बंद असताना `OL`, म्हणजे कुठेच जोड नाही, आणि अर्ध्यावर ०.४ ओहम. बिजागरीजवळची रबरी नळी सरकवली तर आत वायरीचं प्लॅस्टिक वळणावर तडकलेलं. तांबं दिसत होतं, आणि त्याच्या समोरच्या पत्र्यावर घासल्याची चकचकीत रेघ होती. डिक्की दर वेळी उघडताना वायर तिथेच वाकते.

आता पाणी. नुसत्या पावसाच्या पाण्यातून १२ व्होल्टवर १० अँपिअरचा फ्यूज उडण्याएवढा करंट सहसा जात नाही. पाण्याने कनेक्टर हिरवे पडतात, दिवे मंद होतात, बॅटरी उतरते. समुद्राकाठच्या गाड्यांत हे मी फार पाहतो. पण फ्यूज ताबडतोब उडतो तेव्हा बहुतेक वेळा तांबं पत्र्याला लागलेलं असतं, आणि तडकलेलं प्लॅस्टिक उन्हाने जुळत नाही.

त्या जागी नुसती टेप गुंडाळली नाही, ती वाकवळणावर सुटतेच. तिन्ही वायरींचे खराब तुकडे काढून लवचीक वायर घातली, सोल्डरचे जोड वळणापासून दूर ठेवले, वर हीट श्रिंक चढवली. टेस्ट लॅम्प लावून डिक्की वीस वेळा उघडबंद केली. दिवा एकदाही पेटला नाही, तेव्हा १० चा लाल फ्यूज परत बसवला.