‘शंभर अधिक वय’ हे रक्तदाबाचे सूत्र नव्हे

“वरचे बीपी शंभर अधिक वय इतके असणे नॉर्मल आहे. खालचे ऐंशीच्या आत असेल तर गोळीची गरजच नाही. इकोमध्ये ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ आले म्हणजे हार्ट फेल व्हायला लागले असे समजा. साठीनंतर नाडी 220 वजा वय या आकड्यापुढे गेली की हार्ट बंद पडते, म्हणून दम लागेल असे चालू नका.”

हा मजकूर वाचून माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या मामांनी रक्तदाबाची गोळी परस्पर बंद केली, हे मला त्यांच्या मुलीकडून उशिरा कळले. गोळी बंद केल्यावर त्यांचा रक्तदाब 168/72 झाला होता आणि सूत्रानुसार तो 174 च्या आत असल्यामुळे ते निश्चिंत होते. या मजकुरातील चारही विधाने सारखीच घातक नाहीत. पहिली दोन मात्र माणसाला अर्धांगवायूच्या दारात नेऊन उभी करणारी आहेत, म्हणून मुख्यतः त्यांच्याविषयीच लिहितो.

वयाबरोबर वरचा रक्तदाब वाढत जातो, एवढा भाग खरा आहे आणि तो मान्य करावाच लागेल. महाधमनीच्या भिंतीत इलास्टिनचे लवचिक तंतू असतात. प्रत्येक ठोक्याला ताणले जाऊन आणि पुन्हा आखडून ते काही दशकांत झिजतात, तुटतात, आणि भिंतीतील ताण ताठर कोलॅजेनवर येतो. तरुण महाधमनी हृदयाने फेकलेले रक्त फुगून सामावून घेते आणि दोन ठोक्यांच्या मध्ये आखडून ते पुढे ढकलते. ताठर झालेल्या महाधमनीला यांपैकी काहीच नीट जमत नाही. त्यामुळे हृदय आकुंचन पावताना दाब उंच चढतो आणि ते सैलावल्यावर दाब टिकवून धरणारे काही उरत नसल्याने तो खाली घसरतो. शिवाय ठोक्याची लाट ताठर नळीतून अधिक वेगाने जाते, आणि तिचे परावर्तन हृदय अजून आकुंचन पावत असतानाच परत येऊन वरच्या दाबात भर घालते. म्हणूनच पन्नाशी-साठीनंतर वरचा आकडा चढत असताना खालचा बहुधा उतरू लागतो.

आता मामांचे 168/72 पाहा. खालचा 72 हा आकडा धमन्या निरोगी असल्याची खूण म्हणून त्यांना दिलासा देत होता. प्रत्यक्षात दोन आकड्यांमधला 96 चा फरक हीच त्यांच्या महाधमनीच्या ताठरपणाची खूण आहे. हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त मिळते ते मुख्यतः हृदय सैलावलेले असताना, म्हणजे खालच्या दाबावर. वरचा दाब चढला की स्नायूचे काम आणि त्याची प्राणवायूची गरज वाढते, आणि खालचा उतरला की पुरवठ्याचा जोर कमी होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ पाहणीत मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांमध्ये वरचा दाब सारखाच असताना खालचा दाब जितका कमी, तितका हृदयविकाराचा धोका अधिक आढळला, तो याच अर्थाने. खालचा आकडा चांगला आहे म्हणून वरच्याकडे दुर्लक्ष करा, हा सल्ला त्यामुळे नेमका उलटा आहे.

वयाबरोबर होणारा बदल सर्रास आढळतो, म्हणून तो निरुपद्रवी असतो काय, याचे उत्तर 1991 साली प्रसिद्ध झालेल्या ‘शेप’ या अमेरिकी चाचणीने दिले. साठीच्या पुढच्या 4,736 जणांवर ती झाली. वरचा दाब 160 ते 219 आणि खालचा 90 च्या आत, अशीच माणसे तिच्यात निवडली होती. त्यांचे सरासरी वय सुमारे 72 होते आणि सुरुवातीचा सरासरी रक्तदाब 170/77. म्हणजे ‘शंभर अधिक वय’ आणि ‘खालचे ऐंशीच्या आत’ या दोन्ही कसोट्यांवर या गटाची सरासरी अगदी चपखल बसते. ज्यांना गोळीची गरज नाही असे हा मजकूर छातीठोकपणे सांगतो, जवळपास तेच लोक इथे तपासले गेले. निम्म्यांना क्लोरथॅलिडोन या जुन्या, साध्या औषधाच्या लहान मात्रेपासून सुरुवात करून उपचार दिले, निम्म्यांना औषध नसलेली सारखी दिसणारी गोळी दिली. पाच वर्षांत औषध न मिळालेल्यांपैकी दर शंभरी सुमारे 8.2 जणांना पक्षाघात झाला आणि औषध घेणाऱ्यांपैकी 5.2 जणांना. दर हजारी तीस माणसे पक्षाघातापासून वाचली. हार्ट फेल्युअरचे प्रमाणही जवळपास निम्म्यावर आले. ‘वयोमानाने नॉर्मल’ म्हणून सोडून द्यायच्या दाबाने हे नुकसान होत होते आणि ते टाळता येत होते.

उपचारात सावधगिरी लागते हे खरे. ताठर धमन्यांच्या माणसाचा दाब घाईने उतरवला, तर उभे राहताना चक्कर येऊन तो पडू शकतो. म्हणून पाच मिनिटे शांत बसून एकदा आणि उभे राहिल्यावर एक व तीन मिनिटांनी पुन्हा दाब मोजावा. वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक घसरत असेल, तर ते डॉक्टरांना सांगावे आणि मात्रा त्यांनीच ठरवावी. गोळी आपण होऊन बंद करणे हा त्यावरचा इलाज नाही.

इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालाने घाबरलेली माणसे मी बरीच पाहिली आहेत. हृदयाचा डावा खालचा कप्पा वयानुसार आकुंचन पूर्वीइतकेच चांगले पावतो, पण सैल होण्यास अधिक वेळ घेतो; ‘ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन’ म्हणतात ते यालाच. त्यामुळे सुरुवातीला आपसूक आत येणारे रक्त कमी होते आणि वरच्या कप्प्याला शेवटी अधिक जोराने ते ढकलावे लागते. इकोत या दोन प्रवाहांना ‘ई’ आणि ‘ए’ म्हणतात. मामांच्या अहवालात ‘ई’ 60 आणि ‘ए’ 85 सेंटीमीटर प्रतिसेकंद, म्हणजे गुणोत्तर 0.7 होते. तरुणात ते एकच्या वर असते. सत्तरीपुढे ते एकच्या खाली जाणे हे अन्यथा निरोगी माणसातही नेहमीचेच आहे. केवळ या आकड्यावरून हृदय निकामी होत आहे असे कोणीही जाणकार म्हणणार नाही. हृदयातील भरण्याचा दाब वाढला आहे का, हे डावा वरचा कप्पा मोठा झाला आहे का, झडपेजवळच्या स्नायूचा वेग किती आणि फुप्फुसाच्या धमनीतील दाब किती, यांवरून एकत्रित ठरवतात. मामांच्या अहवालात हे सारे ठीक होते. मात्र जिना चढताना नव्याने दम लागणे, उताणे झोपल्यावर गुदमरणे, पाय सुजणे किंवा नाडी अनियमित होणे, यांपैकी काही असेल तर तीच ‘ग्रेड वन’ची ओळ गंभीरपणे घ्यावी लागते. नाडी अनियमित झाली की वरच्या कप्प्याचा तो शेवटचा धक्काच नाहीसा होतो, आणि वृद्ध हृदय त्याच धक्क्यावर अधिक अवलंबून असते.

नाडीच्या सूत्राविषयी थोडक्यात. वयानुसार कमाल ठोके घटतात, कारण ठोक्याचा उगम असलेली पेशींची गाठ मंदावते आणि ॲड्रेनलिनला हृदयाचा प्रतिसाद कमी होतो. व्यायामानेही ही घट थांबत नाही. परंतु 220 वजा वय ही सरासरी आहे, धोक्याची रेषा नव्हे. 208 वजा वयाच्या 0.7 पट हे नंतरचे सूत्र चौऱ्याहत्तरीला 146 ऐवजी 156 देते, आणि त्यातही माणसामाणसांत दहा-दहा ठोक्यांचा फरक सहज असतो. नाडी मंदावणारी बीटा-ब्लॉकर औषधे घेणाऱ्यांना तर दोन्ही सूत्रे लागू पडत नाहीत. चालताना थांबायचे ते छातीत दाब, चक्कर, अंधारी किंवा नेहमीच्या श्रमाला न शोभणारी धाप लागली तर, घड्याळातील आकड्यामुळे नव्हे.