पेपर टाकण्याआधीचं पत्र

«मधल्या काळात पगारवाढ मागायला मॅनेजरने एचआरला लिहिणं म्हणजे कागद वाया. बजेट एप्रिलमध्येच संपतं. एकाला दिली की सगळे रांगेत उभे राहतात. चांगल्या माणसाने सरळ पेपर टाकावेत, काउंटर ऑफर येतेच.»

असं नेहमी ऐकू येतं. पण पत्र वाया जातं ते त्यात काय लिहिलंय त्यामुळे. «अतिशय मेहनती, टीमचा कणा» एवढंच लिहिलं, किंवा त्या माणसाच्या गृहकर्जाचा हप्ता सांगितला, तर एचआरला त्यावर काहीच करता येत नाही. मीही पहिलं पत्र असंच लिहिलं होतं, ते परत आलं.

दुसऱ्या वेळी माझ्या टीममधल्या टेस्टरसाठी लिहिताना पगाराच्या बँडपासून सुरुवात केली. तिचा सीटीसी 11.5 लाख, बँडचा मध्य 15 लाख, म्हणजे ती मध्याच्या 77 टक्क्यांवर. त्याच बँडमध्ये त्याच कामासाठी नुकताच घेतलेला माणूस 14.5 लाखांवर. मे महिन्यात लीड गेल्यापासून पेमेंट मॉड्यूलचे तिन्ही रिलीज तिने एकटीने सांभाळले, त्यांच्या तारखा मी पत्रात दिल्या. मागणी 13.8 लाखांची, म्हणजे 20 टक्के वाढ. तरीही ती मध्याच्या 92 टक्क्यांवरच राहते.

आता बजेट. वाढ 1 नोव्हेंबरपासून धरली तर मार्चपर्यंतच्या पाच महिन्यांचा खर्च सुमारे 96 हजार. लीडची जागा चार महिने रिकामी होती, त्यात याहून कितीतरी जास्त वाचलं होतं, तेही त्याच कॉस्ट सेंटरमध्ये. ती गेली असती तर नवा माणूस 14.5 लाखांना, वर कन्सल्टंटची 8.33 टक्के फी, म्हणजे आणखी 1.2 लाख.

रांगेची भीती मला खोटी वाटत नाही. म्हणूनच टीममधल्या सातही जणांचं बँडमधलं स्थान पत्रासोबत जोडलं. 85 टक्क्यांच्या खाली आणखी एकजण निघाला, त्याचं नाव मीच एप्रिलसाठी सुचवलं. बाकीच्यांना हा मुद्दा लागूच होत नाही. आणि ज्याचा पगार आधीच मध्याच्या वर आहे, त्याच्यासाठी असं पत्र लिहू नये. तिथे बढती किंवा एकरकमी बोनस मागावा.

उलट पेपर टाकल्यावर वाढ दिली की टीम नेमकं तेच शिकते: इथे पेपर टाकल्याशिवाय पगार हलत नाही. शिवाय तोवर आकडा दुसऱ्या कंपनीने ठरवलेला असतो, नोटीस पीरियडचे दिवस मोजले जात असतात आणि माणूस मनाने निघालेला असतो. काउंटर ऑफर येतेच असंही नाही.

मंजुरीपत्र हाती येईपर्यंत मी तिला एक शब्दही सांगितला नाही. एचआरकडून एकच प्रश्न आला: एप्रिलची वाढ पूर्ण वर्षाची धरायची की पाच महिन्यांची? तो मी पत्रातच मिटवायला हवा होता. पाच महिन्यांची, असं कळवलं आणि पत्र मंजूर झालं.