मोबाईलमधला भगवा कागदावर येत नाही म्हणजे येत नाही!

बेळगावात शिवजयंती वैशाखात, तिथीनं. चित्ररथांची मिरवणूक जवळ आली की मंडळांची पोरं पोस्टर छापायला आमच्या प्रेसमध्ये येतात आणि माझा रक्तदाब वाढायला सुरुवात होते. पूर्वी पोरं फोटो आणायची, चार ओळी मजकूर आणायची, बाकी आम्ही बघून घ्यायचो. आता एआयमधून चित्र काढूनच आणतात. गडाचा बुरूज, मागं जांभळं-निळं आभाळ, मशाली आणि मधोमध असा भगवा झेंडा की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. मोबाईलचा ब्राइटनेस फुल्ल, डिस्प्ले ‘व्हिव्हिड’वर. आणि पोस्टर छापून झालं की ठरलेलं वाक्य: "अण्णा, ह्यो कलर आमचा न्हवं की ओ! मोबाईलवर बघा कसा पेटलाय!"

अरे बाबा, पेटलाय कारण तो खरंच पेटलाय. तुझ्या हातात दिवा आहे. लाल, हिरवा, निळा असे तीन बारीक दिवे थेट तुझ्या डोळ्यात उजेड टाकतात. त्या भगव्यात लाल दिवा पूर्ण, हिरवा अर्ध्याच्या आसपास आणि निळा जवळजवळ बंद. माझ्याकडं दिवा नाही, कागद आहे. कागदावर खोलीतला उजेड पडतो, शाई त्यातला काही भाग गिळते आणि उरलेला तुझ्याकडं येतो. पोस्टरवर कुठलाच भाग कोऱ्या कागदापेक्षा उजळ होऊ शकत नाही. तिथंच तुझी मशाल विझली.

त्यात भगवा हा चार रंगांच्या छपाईतला सगळ्यात रडवणारा रंग. निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी एवढ्याच चार शाया आमच्याकडं. पिवळ्यावर गुलाबीचे ठिपके पाडून भगवा करायचा. गुलाबी शाईनं फक्त हिरवा उजेड गिळावा अशी अपेक्षा असते, पण ती निळाही बराच खाते. निळसर शाईही मळकीच. कुठलीच शाई पुस्तकात दाखवतात तशी स्वच्छ नसते. म्हणून स्क्रीनवरचा टोकाचा नारिंगी कागदाच्या हद्दीत, म्हणजे शायांना जमणाऱ्या रंगांत, बसतच नाही. आम्ही शाई कमी टाकली, मशीन जुनं आहे, मालकानं पैसे वाचवले, हे सगळे आरोप ऐकून झालेत. कोल्हापूरला जा नाहीतर शिवकाशीला जा, त्याच चार शाया आहेत.

एकवेळ रंग थोडा मळला तर मंडळ समजून घेतं. खरी आग लागते ती झेंड्याच्या घड्या गेल्यावर. स्क्रीनवर वाऱ्यावर फडफडणारा झेंडा, एकेक चुणी दिसते. कागदावर मात्र नारिंगी पत्रा. घड्या कुणी खाल्ल्या? घडीचा उजळ भाग एक नारिंगी, सावलीचा भाग दुसरा नारिंगी, आणि दोन्ही हद्दीबाहेरचे. फाईल आरजीबीतून, म्हणजे स्क्रीनच्या तीन दिव्यांतून, सीएमवायकेत, म्हणजे आमच्या चार शायांत, नेताना फोटोशॉप नेहमीच्या सेटिंगवर, म्हणजे `Relative Colorimetric`वर, हद्दीबाहेरचा प्रत्येक रंग ओढून हद्दीच्या काठावर आणून ठेवतं. वेगवेगळे दहा नारिंगी एकाच काठावर येऊन बसले की फरक उरणार कुठून? `Perceptual` निवडलं तर घड्या बऱ्याच वाचतात, पण मग अख्खं चित्रच थोडं आवळलं जातं आणि जे रंग ठीक होते तेही फिके पडतात. दोन्हीकडून मरण आमचंच.

आभाळाचंही तसंच. एआयला संध्याकाळ सांगितली की ते विजेच्या निळ्या रंगाचं आभाळ देतं. स्क्रीनवरचा शुद्ध निळा, 0, 0, 255, फोटोशॉपच्या जुन्या अमेरिकन सेटिंगवर साधारण 88 टक्के निळसर आणि 77 टक्के गुलाबी होतो. गुलाबी इतकी जवळ आली की छापल्यावर आभाळ वांग्याच्या रंगाचं होणारच! निळा निळाच राहायला हवा असेल तर गुलाबी शाई निळसरपेक्षा निदान तीस टक्क्यांनी मागं पाहिजे. हे एआयला कोण सांगणार? त्यानं बघितलेली बहुतेक चित्रं स्क्रीनसाठीच बनलेली, म्हणून ते झगझगीतच देणार.

पोरं आता हुशार झालीत. कुणीतरी सांगितलं म्हणून प्रॉम्प्टमध्येच ‘CMYK’ लिहून आणतात. "अण्णा, ह्या खेपेला सीएमवायकेच काढलंय." डोंबल! चित्र काढणारी ही टूल्स आरजीबीच फाईल देतात, पीएनजी किंवा जेपीजी. त्या शब्दानं फाईल बदलत नाही. बदललंच तर चित्रात काहीतरी बदलतं. एकानं आणलेल्या चित्रात तर बुरुजाच्या कोपऱ्यात शाईचे शिंतोडे उडाले होते. ‘प्रिंट रेडी’, ‘300 डीपीआय’ हे शब्दसुद्धा तसेच वाया.

मग लिहायचं काय? आधी काढून टाका `vibrant`, `glowing`, `neon`, `cinematic`, `epic`. प्रत्येक प्रॉम्प्टमध्ये हे शब्द कोंबल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही, आणि हेच शब्द रंग हद्दीबाहेर ढकलतात. त्यांच्या जागी खऱ्या रंगद्रव्यांची आणि कागदावरच्या कलेची नावं घाला: हळदीचा नारिंगी, गेरू, विटेचा लाल, राखाडी निळा, गडद तपकिरी; पोस्टर कलर, स्क्रीन प्रिंट. ज्या वस्तू जगात उजेड न फेकता दिसतात त्यांचीच नावं घेतली की चित्रही बहुतेक कागदाच्या हद्दीत राहतं. उजेड ढगाळ दिवसाचा मागा. आणि घड्यांसाठी रंगाचं नाव पुरत नाही, उजळ-गडद सांगावं लागतं. शेवटी कागदावर घडी दिसते ती उजेड-सावलीच्या फरकामुळं. मी पोरांना हे लिहून देतो:

```
matte screen-printed poster, gouache on off-white paper,
five colours only: turmeric orange, ochre, brick red,
dusty grey-blue, dark brown. Orange flag with clearly
lighter and darker folds. Overcast daylight.
```

यात ‘no glow’ मुद्दाम लिहिलेलं नाही. पुष्कळ टूल्समध्ये नको म्हणून लिहिलेला शब्दसुद्धा चित्रात डोकावतो. नको असलेल्या गोष्टींसाठी वेगळी चौकट असेल तर `neon, glow, bloom, lens flare, text` तिथं टाका, नसेल तर गप्प बसा. महाराजांच्या मागं प्रभावळ हवीच असेल तर ‘फिकट पिवळी प्रभावळ, भोवती गडद गेरू’ असं मागा. भोवताल गडद असला की कागदाचा साधा पिवळाही उजळ वाटतो.

रंगांचे हेक्स कोड लिहिले तर? एआय ते अंदाजानं घेतं, हुबेहूब पाळत नाही. त्यापेक्षा उलट्या बाजूनं या. फोटोशॉपमध्ये सीएमवायकेचीच फाईल उघडून त्यात पाच चौकोन भरा. भगव्यासाठी गुलाबी 60, पिवळा 100, बाकी शून्य. आभाळाला निळसर 70, गुलाबी 35, काळा 20. मग ती पट्टी sRGBत बदलून पीएनजी करा आणि टूलला संदर्भचित्र म्हणून द्या, ‘हेच रंग वापर’ म्हणून. पट्टीतले रंग शाईतूनच आलेले असल्यामुळं चित्र त्यांच्या जवळपास राहिलं तरी पुरे. एवढं एका पोरानं केलं. पहिल्या चित्रात झेंड्यावर सगळीकडं फोटोशॉपच्या इशाऱ्याचा करडा रंग, म्हणजे ‘हे शाईत बसत नाही’ असं सांगणारा, आला होता, दुसऱ्यात तो मशालींच्या टोकांपुरता उरला. झेंडा मोबाईलवर थोडा मवाळ दिसत होता, म्हणून मंडळाचा अध्यक्ष नाक मुरडत होता. छापल्यावर चुणी न् चुणी दिसली तेव्हा गप्प झाला.

तो करडा इशारा म्हणजे काय, ते बघायला माझ्याकडं यायची गरज नाही. फोटोशॉपमध्ये `View`, `Proof Setup`, `Custom`मधून कागदाचं प्रोफाइल निवडा. चकचकीत आर्ट पेपरला `Coated FOGRA39` चालतं. साध्या मॅपलिथोला अनकोटेडचं घ्या, तिथं हद्द आणखी आक्रसते कारण शाई कागदात मुरते. मग `Ctrl+Shift+Y` दाबा. जे रंग शाईत बसत नाहीत ते करडे होतील. झेंडा करडा झाला तर प्रॉम्प्टकडं परत जा. `Ctrl+Y` दाबलं की छापल्यावर अंदाजे कसं दिसेल तेही कळतं, पण ब्राइटनेस अर्ध्यावर आणा, नाहीतर स्वतःचीच फसवणूक.

काळ्याबद्दल दोन शब्द, कारण इथं आमचा कागद वाया जातो. एआयच्या चित्रातला ठार काळा त्याच अमेरिकन सेटिंगवर 75, 68, 67, 90 असा चारही शायांत फुटतो. बेरीज 300 टक्के. आर्ट पेपर ते कसंबसं सोसतो. मॅपलिथोवर शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते. म्हणून प्रॉम्प्टमध्ये सावल्या गडद तपकिरी मागितल्यात. मजकूर मात्र चित्रात मागूच नका. एक तर एआय आपल्या काना-मात्रांची वाट लावतं. त्यात इथं एकाच पोस्टरवर कन्नड आणि मराठी दोन्ही हवं असतं, जागा कमी, अक्षर बारीक. ते चार शायांत गेलं आणि प्लेट केसभर सरकली की कन्नडच्या वेलांट्यांभोवती गुलाबी झालर येते. मजकूर आम्ही वेगळा बसवतो, फक्त काळ्या शाईत, 100 टक्के.

आणि एवढं करूनही कुणाला तो पेटलेलाच भगवा पाहिजे असेल तर मार्ग आहे: पँटोन ऑरेंज 021सारखी तयार शाई, पाचवा रंग म्हणून. त्याला वेगळी प्लेट, मशीन धुवायचं, चार रंगांच्या मशीनवर कागद पुन्हा एकदा घालायचा. हजार पोस्टरांना हा खर्च सांगितला की मंडळाचा खजिनदार लगेच म्हणतो, "असू दे अण्णा, हळदीचाच बरा हाय."

होय, बरा आहेच. फक्त प्रूफ बघायला रात्री नऊला ट्यूबलाइटखाली येऊ नका. दिवसा या, दाराबाहेर सावलीत धरून बघा, त्यावर सही करा, मग प्लेट काढतो. आणि फाईल व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नका रे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा!