ऑडिटरच्या स्वातंत्र्यावरचा केस प्रश्न आणि ‘हमखास उत्तर’

“एथिक्सचा प्रश्न म्हणजे हातचे मार्क. पाचही धोक्यांची नावं लिहा, रक्कम छोटी असेल तर धोका नाही म्हणा, आणि शेवटी ‘स्वतंत्र टीम नेमावी’ टाका. झालं!”

या सल्ल्यावर विसंबून चांगली मुलं मार्क घालवतात. एक केस घेऊ. सूचीबद्ध कंपनीचं ऑडिट सुरू आहे. ऑडिट मॅनेजरच्या पत्नीकडे कंपनीचे थोडे शेअर्स आहेत. कंपनीने नुकत्याच विकत घेतलेल्या ब्रँडचं मूल्यांकन याच फर्मने करावं, असं कंपनीला वाटतं. गेल्या वर्षीची बरीच फी थकली आहे, वित्त संचालक म्हणतात, “रिपोर्ट स्वच्छ आला की लगेच देतो.”

नावांचं म्हणाल तर ‘स्वहिताचा धोका’ एवढं लिहून परीक्षकाच्या हाती काहीच लागत नाही. केसमधली कोणती गोष्ट, कोणाच्या निर्णयावर, कशी परिणाम करेल, हे वाक्य हवं: नफा कमी दाखवावा लागणारी चूक सापडली तर भाव पडेल आणि मॅनेजरच्याच घरचं नुकसान होईल, म्हणून तो ती चूक लावून धरणार नाही. उरलेल्या धोक्यांना केसमध्ये आधार नसेल तर ते लिहूच नका.

रक्कम छोटी म्हणून सोडून द्यायचं, हे तर साफ चूक आहे. ऑडिट टीममधल्या व्यक्तीची पत्नी किंवा पती यांचा थेट आर्थिक हितसंबंध आंतरराष्ट्रीय आचारसंहितेला चालत नाही, मग शेअर्स दहा असोत की दहा हजार. शेअर्स विकावेत, नाहीतर मॅनेजरला टीममधून काढावं. आणि त्याने आधी केलेलं काम दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. हा शेवटचा भाग बहुतेक जण विसरतात.

‘स्वतंत्र टीम’ हे उत्तर सर्वांत जास्त फसवतं. ब्रँडचा आकडा भविष्यातल्या उत्पन्नाच्या आणि डिस्काउंट रेटच्या अंदाजावर उभा असतो, आणि तो ताळेबंदात जाणार. म्हणजे फर्म स्वतःचाच आकडा तपासणार. कंपनी सूचीबद्ध असताना असा स्व-पुनरावलोकनाचा धोका संभवत असेल तर सेवा नाकारायची. टीम वेगळी केली तरी फर्म तीच राहते. सूचीबद्ध नसलेल्या कंपनीतही आकडा मोठा आणि अंदाजावर अवलंबून असेल तर मनाईच आहे. तसं नसेल तेव्हाच वेगळ्या टीमचा उपाय चालतो.

थकलेल्या फीत दोन धोके आहेत, ते वेगळे लिहा. थकबाकी मोठी आणि जुनी असेल तर ती क्लायंटला दिलेल्या कर्जासारखी होते, हा स्वहिताचा. “स्वच्छ आला की” या शब्दांत दबाव आहे, हा धमकीचा. नवा रिपोर्ट देण्याआधी निदान काही भाग वसूल करावा, ऑडिटमध्ये नसलेल्या पार्टनरकडून काम तपासून घ्यावं, आणि ही अट ऑडिट समितीसमोर मांडावी. संचालक अट सोडत नसतील, तर ऑडिट पुढे चालू ठेवायचं का, हा प्रश्न उत्तरात विचारलाच पाहिजे.