एका रिमाइंडरची पाच नावं

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत हेल्प आर्टिकल्स लिहिते, म्हणजे प्रश्नचिन्हावर क्लिक केलं की जे उघडतं आणि लोक न वाचता सपोर्टला फोन लावतात ते. सॉफ्टवेअर आहे घाऊक व्यापाऱ्यांचं, बिलिंग, स्टॉक, उधारी वगैरे. त्यात एक साधं फीचर आहे, की गिऱ्हाइकाचं पेमेंट थकलं की त्याला ठरलेल्या दिवशी आपोआप मेसेज जातो. बास. एवढंच. आपल्याकडे ह्याला तगादा म्हणतात आणि तो पिढ्यानपिढ्या विना-सॉफ्टवेअर चालू आहे.

तर इचलकरंजीच्या एका सूतवाल्या शेठचा फोन आला सपोर्टला. "अहो मी ते स्मार्ट कलेक्शन्सचे पैसे भरलेत, ते कुठाय?" सपोर्टच्या पोराने सगळा मेनू पालथा घातला, स्मार्ट कलेक्शन्स कुठेच नाही. मग त्याने प्लॅन बघितला, प्लॅन बरोबर. मग त्याला वाटलं शेठच्या अकाउंटला फीचर चालू व्हायचं राहिलं असेल, म्हणून तक्रारीचं तिकीट वर डेव्हलपरकडे. डेव्हलपरने कोडमध्ये शोधलं, तिथेही नाही, तर त्याने तिकीट "असं फीचर अस्तित्वात नाही" म्हणून बंद केलं. आणि ह्या सगळ्या काळात ते फीचर शेठच्या स्क्रीनवर डाव्या हाताला, पेमेंट रिमाइंडर्स ह्या नावाने, निवांत बसलेलं होतं!

तिकीट फिरत फिरत माझ्याकडे आलं, कारण शब्दांशी संबंधित काहीही असलं की ते माझ्याकडे येतं. मॅनेजर म्हणाले, "जरा सगळीकडची नावं एकदा चेक करून घे ना, अर्ध्या दिवसाचं काम आहे." ज्या कामाला मॅनेजर अर्धा दिवस म्हणतो त्या कामाला हात लावायच्या आधी घरी स्वयंपाकाची सोय लावून ठेवावी.

बसले. मेनूत पेमेंट रिमाइंडर्स. तोच मेनू उघडला की आतल्या बटणावर ऑटो रिमाइंड, म्हणजे एकाच स्क्रीनवर दोन नावं, ह्याचं कुणाला काही वाटलेलं नाही. वेबसाइटवर स्मार्ट कलेक्शन्स. सेल्सच्या डेकमध्ये, म्हणजे गिऱ्हाइकाला दाखवायच्या स्लाइडींमध्ये, कलेक्शन्स ऑटोपायलट, शेजारी विमानाचं चित्र. आणि हेल्प आर्टिकलमध्ये डनिंग, कारण माझ्या आधी जे लिहायचे ते फायनान्समधून आलेले होते आणि त्यांच्या लेखी तगाद्याला हाच खरा शब्द, बाकी सगळा बालिशपणा. कोडमध्ये तर `nudge_v2`. नज व्हर्जन वन कुठे गेलं हे विचारलं तर डेव्हलपर लोक एकमेकांकडे बघतात.

आता कुणालाही वाटेल की एक नाव ठरवायचं आणि फाइंड-रिप्लेस मारायचं, संपलं. मला पण मॅनेजरांनी हेच सुचवलं. पण शोधायला बसलं की कळतं. मी आधी सगळ्या स्ट्रिंग्ज, म्हणजे स्क्रीनवर दिसणारा मजकूर, आणि आर्टिकल्समध्ये ग्रेप ही शोधायची कमांड चालवली:

```
grep -rniE "auto[- ]?remind|payment reminder|smart collection|dunning" locales/en help/
```

त्यात हायफनवालं ऑटो-रिमाइंड निघालं, जोडून लिहिलेलं निघालं, एक तर ऑटो रिमाइंडर निघालं. ते ठीक आहे. खरी गंमत ही की पेमेंट रिमाइंडर हे फीचरचं नाव पण आहे आणि साधा शब्द पण आहे. "गिऱ्हाइकाला पेमेंट रिमाइंडर पाठवा" ह्या वाक्यात तो मेसेज आहे, "पेमेंट रिमाइंडर्समध्ये जा" ह्यात तो मेनू आहे. पहिला स्मॉलमध्ये हवा, दुसरा कॅपिटलमध्ये. ग्रेपला ह्यातला फरक कळत नाही, म्हणून एकेक ओळ डोळ्याने वाचायची, दुसरा इलाज नाही.

मग डेक. पीपीटीएक्स फाइल म्हणजे खरं तर एक झिप असते, आत प्रत्येक स्लाइडची वेगळी एक्सएमएल. म्हटलं बरं झालं, पंचावन्न स्लाइडी उघडून बघायला नकोत. वेबसाइटवालं नावही इथे आलंय का म्हणून शोधलं तर स्मार्ट कलेक्शन्स शून्य वेळा. आणि समोर स्लाइड उघडली तर मोठ्या अक्षरात तेच छापलेलं! झालं होतं असं की कुणीतरी फक्त "स्मार्ट" बोल्ड केलं होतं, आणि पॉवरपॉइंट फॉर्मॅटिंग बदललं की मजकुराचे तुकडे करून ते वेगवेगळ्या टॅगमध्ये ठेवतं, म्हणून सलग नाव फाइलमध्ये नव्हतंच. टॅग उडवून मग शोधायचं:

```
unzip -p deck.pptx 'ppt/slides/*.xml' | sed 's/<[^>]*>//g' | grep -io 'smart *collections'
```

असं केल्यावर भराभर निघाले. पण स्पीकर नोट्स वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, `ppt/notesSlides`, आणि सेल्सवाले स्लाइडवर काय आहे ते नाही तर नोट्समध्ये काय आहे ते बोलतात. आणि स्क्रीनशॉट? ती चित्रं. त्यात तर तीन डिझाइन मागचा मेनू दिसत होता, त्याचा रंग बघूनच कळलं.

हे सगळं एका शीटमध्ये मांडायला घेतलं तेव्हा अजून एक भानगड लक्षात आली, आणि माझ्या मते खरा घोळ हाच आहे, नाव हा नुसता वरचा ताप. ओळीत फीचर आणि कॉलममध्ये जागा (स्क्रीन, वेबसाइट, डेक, हेल्प) असं भरत होते, तर वेबसाइटचा कॉलम जुळेना. कारण स्मार्ट कलेक्शन्सच्या पानावर रिमाइंडर होतं, शिवाय मेसेजमधली पेमेंट लिंक होती, शिवाय कुणाची उधारी किती जुनी हे दाखवणारा एजिंग रिपोर्ट होता. स्क्रीनवर ही तीन वेगळी फीचर्स, तीन वेगळ्या मेनूंत, आणि एजिंग रिपोर्ट तर सगळ्यात स्वस्त प्लॅनमध्येही मिळतो. म्हणजे वेबसाइटवर जे एक नाव आहे त्याच्या जागी स्क्रीनवर कुठलंच एक नाव बसत नाही, आणि ऑटोपायलटमध्ये तर पहिली दोनच येतात. नावं वेगळी आहेत कारण प्रत्येकाने वस्तूच वेगळी कापली आहे. इथे फाइंड-रिप्लेस मारलं असतं तर वेबसाइटने एजिंग रिपोर्टलाही रिमाइंडर म्हटलं असतं आणि सपोर्टला शेठसारखे अजून दहा फोन.

मोठ्यांचंही हेच होतं म्हणा. मायक्रोसॉफ्टने 2023 मध्ये क्लाउडवरून लोकांचं लॉगिन सांभाळणाऱ्या अझूर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीचं नाव एंट्रा आयडी केलं, तेव्हा काय बदलायचं ह्याच्या बरोबरीने काय बदलायचं नाही हेही त्यांना लिहून द्यावं लागलं. लॉगिनचे पत्ते तेच, एपीआय तेच, कमांड त्याच, आणि ऑफिसातल्या सर्व्हरवरची जी मूळ अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आहे तिचं नावही तेच. कुणी उत्साहात सगळ्या अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीवर रिप्लेस मारलं तर दोन वेगळी प्रॉडक्ट्स एक होऊन बसणार.

मग मीटिंग. मी शीट स्क्रीनवर टाकली आणि म्हटलं, स्क्रीनवरचं नाव जिंकणार, कारण हेल्प वाचणारा माणूस त्या वेळी स्क्रीनकडे बघत असतो, वेबसाइटकडे नाही.

मार्केटिंगच्या ताई म्हणाल्या, "पेमेंट रिमाइंडर्स हे नाव किती बोअर आहे."

मी म्हटलं, "लोक गुगलवर काय टाकतात ते तुम्हीच मागच्या महिन्यात दाखवलंत, ताई. पेमेंट रिमाइंडर सॉफ्टवेअर."

त्या गप्प. प्रॉडक्ट मॅनेजर म्हणाला की ऑटो रिमाइंड बटणाचं नाव बदललं तर ऑटोमेटेड टेस्ट फुटतील कारण त्या बटण नावाने शोधतात, म्हणजे पुढच्या रिलीजलाच होईल. खरं बोलत होता, मान्य. आणि मग सेल्सच्या साहेबांनी तोफ डागली, "अहो पण सह्या झालेल्या ऑर्डर फॉर्मवर कलेक्शन्स ऑटोपायलट छापलंय. ते कसं बदलणार?"

ते बदलायचं नसतंच. सही झालेला कागद आणि जुन्या रिलीज नोट्स, ह्या दोन ठिकाणी हात लावायचा नाही, त्या दिवशी जे नाव होतं ते होतं. पण मग शेठने ऑर्डर फॉर्म हातात धरून हेल्पमध्ये ऑटोपायलट शोधलं तर काय? ह्याचं उत्तर आपल्या लग्नपत्रिकेत आहे. चि. राजेंद्र आणि कंसात पप्पू. कारण अर्ध्या गावाला राजेंद्र कोण हे माहीतच नसतं. तर आर्टिकलच्या सुरुवातीला एक ओळ, आधीचं नाव ऑटो रिमाइंड, काही कागदपत्रांत कलेक्शन्स ऑटोपायलट. आणि हेल्पच्या सर्चमध्ये पाचही नावं कीवर्ड म्हणून, वाचणाऱ्याला न दिसता. आर्टिकलचा पत्ता `/dunning` होता तो बदलला आणि जुन्यावरून नव्यावर कायमचा रीडायरेक्ट लावला, नाहीतर सॉफ्टवेअरमधलं प्रश्नचिन्हच मेलेल्या पानावर जाऊन पोचलं असतं.

वेबसाइटचं असं ठरलं की तीन फीचर्स एकत्र सांगायची तर सांगा, पण "उधारी वसूल करणं सोपं" असं साध्या वाक्यात. नावासारखं कॅपिटलमध्ये लिहायचं नाही, आणि खाली तिन्हींची स्क्रीनवरची नावं द्यायची, कुठली कुठल्या प्लॅनमध्ये तेही. मार्केटिंगच्या ताईंनी हे "सध्यापुरतं" म्हणून मान्य केलं.

परत कुणी डनिंग लिहू नये म्हणून मी आर्टिकल्सवर वेल नावाचा लिंटर बसवला. स्पेलचेकसारखंच, फक्त शब्द आपण ठरवायचे:

```
extends: substitution
message: "'%s' लिहा, '%s' नको"
level: error
ignorecase: true
swap:
  auto[- ]?remind: Payment Reminders
  smart collections: Payment Reminders
  dunning: Payment Reminders
```

पहिल्याच दिवशी त्याने जुन्या रिलीज नोट्स लाल केल्या, त्या वगळल्या. मग त्याने माझीच "आधीचं नाव ऑटो रिमाइंड" ही ओळ लाल केली, तेवढ्या ओळीपुरता त्याला बंद केला. आता आर्टिकल्सची मला काळजी नाही, चुकीचं नाव आलं तर बिल्डच अडतो. गिऱ्हाइकाला जाणाऱ्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजच्या तळाशी अजून जुनं नाव आहे, पण तिथला मजकूर बदलला की टेम्पलेट परत मंजुरीला जातं, आणि ऐन वसुलीच्या दिवसात मेसेज अडकले तर व्यापारी आम्हाला उभे करतील, म्हणून ते महिनाअखेरीनंतर.

डेक मात्र कुठल्याच लिंटरच्या हाताला लागत नाही. मास्टर डेक मी स्वच्छ केला, शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवला, सगळ्यांना मेल केला. पण सेल्सचा प्रत्येक माणूस आपापली कॉपी लॅपटॉपवर बाळगून असतो, नागपूरवाल्याची वेगळी, नाशिकवाल्याची वेगळी, आणि फाइलच्या नावात फायनल हा शब्द जितक्या वेळा जास्त तितकी ती जुनी. परवा नागपूरवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एक डेक पाठवला. उघडला तर नवंच, रिकव्हरी रॉकेट. खाली मेसेज, "मॅडम जरा नावं चेक करून द्या ना. घाई नाही, प्रेझेंटेशन काल झालं."