‘कॅन्सरची गोळी’ आणि ‘टीबीचं इंजेक्शन’: सांधेवाताच्या फॉरवर्डला उत्तर

“सांधेवाताला डॉक्टर कॅन्सरची गोळी देतात, लिव्हर खलास होतं. त्यानं भागलं नाही की महागडी इंजेक्शनं, त्यातून टीबी होतो. आधीच्या सगळ्या टेस्ट म्हणजे लॅबचं कमिशन. त्यापेक्षा पेनकिलर घ्या आणि सहन करा. सगळ्यांना पाठवा.”

मी सांधेवाताचे रुग्ण तपासतो. हा मेसेज वाचून गोळ्या बंद केलेली माणसं बोटं वाकडी झाल्यावर परत येतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट. काही कॅन्सरमध्ये हेच औषध एका वेळी ग्रॅमच्या हिशोबात देतात, तिथे पेशींची वाढ रोखायची असते. सांधेवातात, म्हणजे रुमेटॉइड आर्थरायटिसमध्ये, डोस साधारण साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम, तोही आठवड्यातून एकदाच. एवढ्याशा मात्रेत कामही वेगळं होतं. पेशींच्या आसपास अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ वाढतो आणि सांध्याच्या अस्तरावर तुटून पडलेल्या रोगप्रतिकारक पेशी त्यानं शांत होतात. परिणाम दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. पेनकिलर दुखणं कमी करते, पण अस्तराची सूज हाड कुरतडत असते ती थांबवत नाही. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांना ‘आजाराची चाल बदलणारी’ म्हणतात ते याचसाठी.

लिव्हरची भीती मात्र निराधार नाही. म्हणूनच सुरू करण्याआधी रक्तपेशी, लिव्हर, किडनी, हिपॅटायटिस बी आणि सी तपासतो, छातीचा एक्स-रे काढतो, दारूबद्दल आणि गरोदरपणाबद्दल स्पष्ट विचारतो. गर्भाला ही गोळी घातक आहे. किडनी कमजोर असेल तर औषध अंगात साचतं. पुढे सुरुवातीला दर काही आठवड्यांनी आणि नंतर साधारण तीन महिन्यांनी रक्त पाहतो. जोडीला फॉलिक अ‍ॅसिड असतंच.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती वेगळ्याच चुकीची. आठवड्याची गोळी कुणी रोज घेतं. तोंडात फोड, ताप, अंगावर निळे डाग दिसले तर ते रक्तपेशी घसरल्याचं लक्षण असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. म्हणून मी चिठ्ठीवर ‘फक्त रविवारी’ असं मोठ्या अक्षरात लिहितो आणि रुग्णाकडून वाचून घेतो.

आता इंजेक्शनचं. ती टीएनएफला अडवतात. टीएनएफ म्हणजे सूज पेटवण्याचा निरोप पोचवणारं एक प्रथिन. लंडनमध्ये रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी तो अडवल्यावर सांधे निवतात हे 1990च्या दशकात दाखवून दिलं. अडचण अशी, की आपल्या देशात कितीतरी जणांच्या अंगात टीबीचे जंतू झोपलेले असतात. शरीर त्यांच्याभोवती पेशींची भिंत उभारून ठेवतं आणि ती टिकवायला हाच टीएनएफ लागतो. तो अडवला की भिंत ढासळू शकते. 2001 साली अमेरिकेतून इन्फ्लिक्सिमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या औषधानंतर टीबी झालेल्या 70 रुग्णांची नोंद छापून आली, तेव्हापासून आधी तपासणी हा नियम पक्का झाला. म्हणजे मेसेजनं धोका खरा सांगितला आणि तो टाळणाऱ्या तपासणीलाच कमिशन ठरवलं.

समजा, 44 वर्षांच्या शिक्षिका आहेत. मेथोट्रेक्सेट 20 मिलिग्रॅम आणि सल्फासलाझीन सहा महिने घेऊनही सहा सांधे सुजलेले. अ‍ॅडालिमुमॅब हे टीएनएफ अडवणारं इंजेक्शन सुरू करायचं ठरलं. आधी विचारायचं: घरात कुणाला टीबी झाला होता? खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणं? मग एक्स-रे आणि मॅन्टू, म्हणजे हातावर टोचून करायची टीबीची चाचणी. दोन-तीन दिवसांनी हातावरचा टणक उंचवटा मोजायचा, लाली नव्हे. तो 14 मिलिमीटर निघाला. एक्स-रे स्वच्छ, लक्षणं नाहीत. म्हणजे झोपलेला टीबी. बाईंना टीबीचं औषध आयसोनियाझिड रोज, सहा महिने, सोबत बी-सिक्स जीवनसत्त्व. महिनाभर झाल्यावर इंजेक्शन, आयसोनियाझिड चालूच. मेथोट्रेक्सेट आणि आयसोनियाझिड दोन्ही लिव्हरवर येतात, म्हणून या काळात लिव्हरची तपासणी वरचेवर करायची.

हिपॅटायटिस बी इथेही पाहतो, कारण दबलेला विषाणू पुन्हा उसळू शकतो. हार्ट फेल्युअर बळावलेलं असेल किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस असेल तर ही इंजेक्शनं टाळतो. जिवंत लस घ्यायची राहिली असेल तर तीही आधीच.

तपासणीची मर्यादाही सांगतो. स्टेरॉइड चालू असेल तर मॅन्टू खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि बीसीजीमुळे खोटी पॉझिटिव्हही. रक्ताची इग्रा चाचणी बीसीजीनं फसत नाही, पण तिलाही प्रत्येक केस सापडत नाही. शिवाय या औषधांवरचा टीबी बरेचदा फुप्फुसाबाहेर होतो. त्यामुळे रिपोर्ट निगेटिव्ह असलेल्या रुग्णाच्याही मानेत गाठ आली, पोटात पाणी झालं किंवा रोज संध्याकाळी कणकण वाटू लागली, तर पुढचं इंजेक्शन थांबवून आधी फोन करायचा.